महिनाभराच्या मुक्कामासाठी स्वयंपाकघर असलेलं घर: आधी भांडी आणि कपडे मोजा, मग घर निवडा

आठ-दहा दिवसांच्या सहलीत घर कसंही चालून जातं. मुक्काम चार-पाच आठवड्यांचा असला की घराची खरी परीक्षा बैठकीच्या खोलीत होत नाही. ती ओट्यापाशी आणि कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी होते. आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं, कामानिमित्त ३५ दिवस एका भाड्याच्या घरात राहिलो होतो. घर निवडताना मी खोल्या मोजल्या, पलंग मोजले, खिडकीतून काय दिसतं तेही पाहिलं. फ्रिज किती लिटरचा आहे हे मात्र विचारलं नाही. तो ओट्याखाली मावणारा, सुमारे ११० लिटरचा निघाला आणि पहिला आठवडाभर मी रोज दुकानात जात होते. तेव्हापासून मी उलट क्रमाने जाते. आमच्या घराचा एका आठवड्याचा हिशोब आधी कागदावर मांडते आणि त्या हिशोबात बसणारं घर शोधते. तोच क्रम इथे आमच्या पाच जणांच्या आकड्यांसह देते आहे. तुमच्या माणसांप्रमाणे आकडे बदलून घ्या.

पहिली पायरी: एका वेळचं जेवण किती लिटर?

जाहिरातीत 'सुसज्ज स्वयंपाकघर' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा दोन जणांच्या नाश्त्यापुरतीच भांडी असा निघतो. म्हणून आधी आपल्याला केवढं भांडं लागतं ते ठरवा. आमच्याकडे पाच जणांना एका वेळी साधारण ३७५ ग्रॅम तांदूळ लागतो. शिजल्यावर तो एक किलोच्या थोडा वर जातो, आणि उतू न जाता शिजायचा तर ३ लिटरचं पातेलं हवं. रस्सा किंवा सूप माणशी ३०० मिली धरलं तर दीड लिटर होतं. ते दोन वेळांसाठी एकदम करायचं तर ५ लिटरचं भांडं लागतं. भाजी परतायला २८ सेंटिमीटर रुंदीचा तवा किंवा कढई हवी. तेव्हा आमची गरज ५ लिटरचं एक भांडं, ३ लिटरचं एक, एक रुंद कढई आणि तिन्हींची झाकणं, एवढीच आहे. बाकी कपबशा आणि ताटं कमी पडली तर मधे एकदा धुऊन घेता येतात. लहान पातेल्यात पाच जणांचा भात मात्र दोनदा लावावा लागतो आणि तेवढा वेळ एक शेगडी अडकून पडते.

शेगडी कोणत्या प्रकारची आहे तेही याच वेळी विचारून घ्या. इंडक्शन असेल तर लोहचुंबक चिकटेल अशा सपाट बुडाचीच भांडी चालतात. आपलं एखादं लाडकं भांडं सोबत न्यायचं असेल तर घरीच त्याच्या बुडाला चुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. नुसता हलकाच धरला जात असेल तर ते तापायला फार वेळ घेईल.

दुसरी पायरी: फ्रिज आणि दुकानाच्या फेऱ्या एकत्र ठरवा

या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. आठवड्याचं एकदम आणायचं तर फ्रिजमध्ये काय काय जाईल ते मी असं मांडलं: दूध सुमारे १० लिटर, भाज्या २० लिटरची जागा, शिजवलेल्या अन्नाचे डबे ८ ते १०, अंडी-दही-चीज आणि थोडी फळं मिळून १२, उरलेल्या किरकोळ बाटल्या ५. एकूण ५५ ते ६० लिटर होतं. फ्रिज मात्र कधीच गच्च भरता येत नाही. डब्यांच्या आकारामुळे जागा वाया जाते आणि मधून थंड हवा फिरायलाही वाट लागते. म्हणून मी ही बेरीज दुप्पट धरते. पाच जणांच्या आठवड्याला थंड कप्प्यात १२० लिटर हवेत, शिवाय फ्रीझर वेगळा. आमचा ११० लिटरचा फ्रिज का पुरला नाही ते या हिशोबानंतर मला कळलं. त्यातला थोडा भाग तर बर्फाच्या कप्प्यानेच खाल्ला होता.

फ्रिज लहान असला म्हणून घर लगेच नाकारायला नको. बाहेर टिकणारं, न उघडलेलं सीलबंद दूध घेतलं की एका फटक्यात १० लिटर जागा मोकळी होते. कांदे, बटाटे, केळी आणि टोमॅटो तसेही बाहेरच बरे राहतात. तरीही आठवड्यातून दोनदा ताजी खरेदी करावी लागेल. मग दुकान चालत दहा मिनिटांच्या आत आहे की पंचवीस, हा प्रश्न आधीपेक्षा मोठा होतो. मोठा फ्रिज असेल तर दुकान थोडं लांब चालेल, लहान असेल तर जवळच हवं. दोन्ही गोष्टी नसतील तर ते घर मी सोडून देते, बाकी कितीही सुंदर असलं तरी.

तिसरी पायरी: आठवड्याचे कपडे किती किलो?

याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, माझाही चुकला होता. घरी एक दिवसाचे सगळ्यांचे मळके कपडे एका पिशवीत भरून वजनकाट्यावर ठेवा. आमच्याकडे मोठ्या माणसाचे दिवसाला सरासरी ५५० ग्रॅम भरले (जीन्स रोज धुवत नाही हे धरून) आणि मुलाचे ४०० ग्रॅम. तीन मोठे आणि दोन लहान मिळून दिवसाला अडीच किलोच्या आसपास, म्हणजे आठवड्याला १७ किलो. त्यात टॉवेल दोन-अडीच किलो आणि चादरी-अभ्रे पाच-सहा किलो धरले की आकडा २५ किलोवर जातो.

मशीनवर ७ किलो लिहिलेलं असलं तरी ड्रम वरपर्यंत ठासला तर कपडे घुसळले जात नाहीत आणि साबण निघत नाही. वर एक वीत जागा राहील इतपतच भरायचं. तेव्हा प्रत्यक्षात ५ किलो जातात, आणि २५ किलोंना आठवड्यात पाच वेळा मशीन लावावं लागतं.

पुढचा प्रश्न हे कपडे वाळणार कुठे. मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या गतीने पिळलेल्या कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी राहतं, म्हणजे ५ किलोच्या एका घाण्यात सुमारे अडीच लिटर. बंद खिडक्यांच्या घरात आठवड्याला बारा लिटर पाणी हवेत जाणार. काचेवर सकाळी ओल धरलेली दिसली, कोपऱ्यात कुबट वास यायला लागला, तर घराला ते पाणी झेपत नाही हे समजा. आणि ८०० फेऱ्यांच्या मशीनमधून कपडे आणखी ओले निघतात.

धुऊन वाळवूनही देणारं एकच मशीन असेल तर त्यावरचे दोन आकडे वेगवेगळे वाचा. ८ किलो धुणारं मशीन बऱ्याचदा ५ किलोच वाळवतं. आठ किलो भरून रात्री बटण दाबलं तर सकाळी गरम, सुरकुतलेले आणि शिवणीत ओले राहिलेले कपडे हाती येतात. मशीन बिघडलेलं नसतं, आपण जास्त भरलेलं असतं. धुऊन वाळवायला मिळून अशी मशीनं चार ते सहा तास घेतात. म्हणून जीन्स आणि जाड टॉवेल बाहेर काढून दोरीवर घालायचे आणि उरलेलंच आत वाळवायचं.

वाळवायचं मशीनच नसेल तर पसरायचा रॅक विचारा, आणि एक नाही, दोन. साधारण पंखांच्या रॅकवर १८ ते २० मीटर दोरी असते, तिच्यावर एक घाणा मावतो. घरात तो वाळायला एक ते दीड दिवस घेतो. म्हणजे एकाच रॅकवर आठवड्याचे पाच घाणे निघणं ओढाताणीचं होतं.

चौथी पायरी: मालकाला पाठवायचा निरोप

फोटो बघताना मी ओट्यावर किती मोकळी जागा आहे, सिंकच्या शेजारी भांडी निथळत ठेवता येतील का आणि शेगडीच्या वर धूर ओढणारी चिमणी किंवा उघडणारी खिडकी आहे का, एवढंच पाहते. बाकीचं विचारते. मी पाठवते तो निरोप असा:

'नमस्कार. आम्ही पाच जण (दोन मुलं) ३५ दिवस राहणार आहोत आणि रोज घरी स्वयंपाक करणार आहोत. कृपया या पाच गोष्टी कळवाल का? फ्रिज किती लिटरचा आहे आणि फ्रीझर वेगळ्या दाराचा आहे का? सर्वांत मोठं भांडं किती लिटरचं आहे? शेगडीला किती तोंडं आहेत आणि ती इंडक्शन आहे का? कपड्यांचं मशीन घरात आहे की इमारतीत सामाईक, आणि वाळवायची सोय काय आहे? भांड्यांचा कप्पा उघडून एक फोटो पाठवता आला तर फार बरं होईल.'

कप्प्याचा फोटो मागितला की खरं काय ते समोर येतं. दोन पातेली आणि एक तवा दिसला तरी तक्रार करू नका. 'आमच्या मुक्कामासाठी ५ लिटरचं एक भांडं ठेवता येईल का?' असं सरळ विचारा. माझ्या अनुभवात लांब मुक्कामाच्या पाहुण्याला लोक एवढं आनंदाने देतात. सामाईक मशीन असेल तर ते किती घरांसाठी आहे आणि वेळ आधी नोंदवावी लागते का हे नक्की विचारा. पाच घाण्यांच्या घराला आठवड्यातून दोनच वेळा मिळत असतील तर गणित बसत नाही.

'हो, सगळं आहे' असं मोघम उत्तर आलं तर मी पुन्हा एकदा नेमकं विचारते. दुसऱ्यांदाही मोघमच आलं तर ते घर घेत नाही.

राहायला जायच्या आदल्या दिवशी फ्रिज चालू करून ठेवायची विनंती करा. बंद फ्रिजला नीट गार व्हायला कित्येक तास लागतात, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यात दूध ठेवायचं असतं.

पाचवी पायरी: पहिले दोन दिवस

पहिल्या संध्याकाळची खरेदी दहा वस्तूंची ठेवा: दूध, ब्रेड, अंडी, तांदूळ, एखादी पटकन शिजणारी भाजी, फळं, मीठ, तेल, भांड्यांचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या. मोठी यादी त्या दिवशी करू नका. आधीच्या पाहुण्यांनी काय ठेवलंय, काय चांगलं आहे, ते पाहायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्पे उघडून बघा आणि तीन गोष्टी तपासा. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा, काही तासांनी ४ अंश किंवा त्याखाली हवं. मशीनचा खालचा फिल्टर काढून साफ करा आणि रिकामं मशीन एकदा गरम पाण्यावर फिरवा, आधीचा वास निघून जातो. आणि शेगडीला मुलांसाठीचं कुलूप कसं लागतं-सुटतं ते शिकून घ्या. बहुतेकांत किल्लीचं चिन्ह तीन सेकंद दाबायचं असतं. स्वयंपाकाच्या ऐन वेळी शेगडी कुलूपबंद दिसली की माणूस विनाकारण घाबरतं.

विजेचं एक ध्यानात असू द्या. २३० व्होल्टच्या ठिकाणी १६ अँपिअरच्या एका सर्किटला सुमारे ३७०० वॅटपर्यंत झेपतं. पाण्याची किटली २००० वॅटची आणि ओव्हन २५०० वॅटचा एकाच सर्किटवर एकाच वेळी लावला तर वीज जाऊ शकते. कपड्यांचं मशीनही पहिल्या वीस-तीस मिनिटांत पाणी तापवताना बरीच वीज खातं. म्हणून मशीन आधी लावून घ्यायचं आणि अर्ध्या तासाने ओव्हन.

भांड्यांचं मशीन असेल तर त्यात हाताने भांडी घासायचा साबण कधीच घालू नका, फेस दारातून बाहेर येतो. त्याची गोळी किंवा पूड वेगळी मिळते.

सहावी पायरी: खरेदीचा आठवडा

पाच जणांच्या आठवड्याच्या किराण्याचं वजन ३५ ते ४० किलो भरतं: दूध १०, भाज्या १०, फळं ७, तांदूळ-ब्रेड-पीठ ५ आणि उरलेलं इतर. गाडी नसेल तर हे एका फेरीत आणता येत नाही. दोन्ही हातांत पाच-पाच किलो घेऊन पंधरा मिनिटं चालणंच पुरे होतं. म्हणून मी खरेदी दोन भागांत करते. दूध, तांदूळ, तेल, साबण, बटाटे असं जड सामान आठवड्यातून एकदा घरपोच. पालेभाज्या, फळं, ब्रेड, अंडी दोनदा चालत जाऊन. घरपोच मागवताना बेलवर कुणाचं नाव आहे आणि इमारतीला लिफ्ट आहे का हे लिहा, नाहीतर सामान खालीच राहतं. काही ठिकाणी रविवारी दुकानं बंद असतात, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पहिला आठवडा एक कागद फ्रिजवर चिकटवा आणि संपलेली प्रत्येक गोष्ट तारखेसह लिहा. आमचं तेल आठवड्याला अर्धा लिटर निघालं. म्हणजे ३५ दिवसांना अडीच लिटर. मी पाच लिटरचा डबा स्वस्त म्हणून उचलणार होते, कागदामुळे एक लिटरच्या बाटल्या घेतल्या. तांदूळ आठवड्याला अडीच किलो लागला. पाच किलोची एक पिशवी दोन आठवडे पुरली, तेव्हा पुढची कधी आणायची ते सहज कळलं. मसाल्याच्या पुड्या सगळ्यांत लहान घ्या, पाच आठवड्यांत मोठी पुडी संपत नाही.

सातवी पायरी: दोन शेगड्यांवर पाच जणांची संध्याकाळ

दोनच तोंडांच्या शेगडीवर सगळं एकदम गरम मिळणार नाही, ही खंत सोडून द्या आणि क्रम बदला. मी सहाला भात लावते. पाणी आटेपर्यंत दहा-बारा मिनिटं, मग झाकण घट्ट लावून पातेलं जाड टॉवेलात गुंडाळते आणि बाजूला ठेवते. भात त्याच वाफेवर पंधरा मिनिटांत मुरतो आणि अर्धा तास गरम राहतो. तेवढ्यात एक तोंड मोकळं झालेलं असतं. त्यावर कढईत भाजी परतते, दुसऱ्यावर मोठ्या पातेल्यात रस्सा उकळत असतो. पावणेसातला तिन्ही तयार असतात, आणि भाजी चिरायचं काम भाताच्या वेळातच होऊन जातं. सोबत स्वतःची एक धारदार सुरी नेली असेल तर हा वेळ खरंच वाचतो. भाड्याच्या घरातल्या सुऱ्या बहुधा बोथट असतात. सुरी विमानात हातातल्या बॅगेत नेता येत नाही, मोठ्या बॅगेत घाला.

आठवड्यातून चार संध्याकाळी मी दुप्पट शिजवते. उरलेलं मोठ्या पातेल्यात तसंच फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. मधलं अन्न तासन् तास कोमट राहतं आणि लहान फ्रिजही तापतो. पाच सेंटिमीटर खोलीच्या पसरट डब्यांत वाटून, वाफ गेली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचं. रस्सा-भाजी तीन ते चार दिवसांत संपवा, भात एक-दोन दिवसांत. भाताची काळजी जास्त घ्यावी लागते. त्यातल्या जिवाणूंचे बीज शिजवूनही तग धरतात, आणि भात बाहेर राहिला की वाढलेले जिवाणू जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. वास चांगला आला तरी रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्या.

आठवी पायरी: कपड्यांचे वार ठरवा

पाच घाणे म्हणजे सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, रविवार. चादरी रविवारी, कारण त्या वाळायला सगळे रॅक लागतात. मशीन सकाळी लावते, म्हणजे कपडे दिवसा वाळतात आणि खिडकी उघडी ठेवता येते. पिळून झाल्यावर नुसतं पिळायचं आवर्तन पुन्हा एकदा लावते. दहा मिनिटांत आणखी थोडं पाणी निघून जातं आणि वाळायचा वेळ कमी होतो. रॅकवर कपडे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. शर्ट हँगरवर टांगले तर जागा निम्मी लागते. दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडल्या की ओल बाहेर जाते.

कपड्याला कुबट वास आला तर तो वाळायला एक दिवसाहून जास्त लागला असं समजा. उन्हात टाकून तो वास जात नाही. कापडाला चालेल तेवढ्या गरम पाण्यात पुन्हा धुवावं लागतं आणि यावेळी लवकर वाळवावं लागतं.

पाणी जड असलं, म्हणजे किटलीत पांढरा थर दिसायला लागला, तर साबण थोडा जास्त लागतो. पाकिटावर जड आणि मऊ पाण्याचं वेगळं माप दिलेलं असतं, ते बघून घाला.

नववी पायरी: शेवटचे आठ दिवस

निघायच्या आठ दिवस आधी नवी मोठी पुडी उघडायची नाही. फ्रीझर आधी रिकामा करायला घ्या, कारण त्यातलंच विसरतं. फ्रिजवरच्या कागदावर आता उलटी यादी येते: काय उरलंय आणि ते कोणत्या जेवणात जाईल. न उघडलेलं टिकाऊ सामान पुढच्या पाहुण्यांसाठी ठेवू का, असं मालकाला विचारा.

शेवटचं धुणं निघायच्या तीन दिवस आधी. मी एकदा आदल्या रात्री मशीन लावलं होतं. मुलांच्या पँटच्या कमरपट्ट्या हाताला कोरड्या लागल्या, पण शिवणीत ओल होती, आणि बॅग उघडेपर्यंत सगळ्या कपड्यांना वास धरला होता. आता शेवटच्या दोन दिवसांचे मळके कपडे वेगळ्या पिशवीत तसेच घरी नेते. चादरी काढून ठेवायच्या की नाही ते मालकाला विचारते, आणि निघताना मशीनचं दार किंचित उघडं ठेवते. फ्रिज बंद करायला सांगितला असेल तर त्याच्या दारात एक घडी केलेला टॉवेल अडकवते.